इन्व्हर्टरचा बॅकअप दरवर्षी घटतोय: पाणी, टर्मिनल, चार्जिंग की बॅटरीच संपली?

पूर्णाकाठ (धागाकर्ता) · १७ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. घरी साध्या इन्व्हर्टरवर एक १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी आहे, २०२०च्या दिवाळीत घेतलेली. ४८ महिन्यांची वॉरंटी होती, ती संपली. इन्व्हर्टरवर दोन पंखे, चार एलईडी बल्ब, टीव्ही आणि वायफायचा डबा एवढंच चालतं. नवी असताना चार तास आरामात निघायचे. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात तीन तासांवर आली, गेल्या वर्षी दोनवर. आता लाईट गेली की सव्वा तासात इन्व्हर्टर ओरडायला लागतो आणि बंद पडतो.

पाणी आम्ही नेमाने टाकतो, फ्लोट नेहमी वरच असतात. चार्जिंगही लवकर होतं, लाईट आल्यावर तासाभरात हिरवा दिवा लागतो. पॉझिटिव्ह टर्मिनलवर मात्र हिरवट-पांढरा थर जमलाय. दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली, नवी घ्या. वडिलांना दमा आहे, रात्री पंखा लागतोच, म्हणून ऐन उन्हाळ्यात धोका पत्करायचा नाही. पण जुनीत काही जीव उरला असेल तर आत्ताच वीस हजारांच्या आसपास खर्च करावा की नाही, तेही कळेना. कोणी जाणकार सांगाल का?

बंडू_मोटारवाला · १७ एप्रिल, रात्री १०:१५

भाऊ, मी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या पाहतो. पाणी टाकू टाकू आतलं ॲसिड पातळ होऊन जाते. तुम्ही नेमानं पाणी टाकता म्हणता, पण ॲसिड कधी टाकलं काय? थोडं थोडं ॲसिड टाका सहाही खान्यांत, बॅटरी पुन्हा जोरात येते. आन महिन्यातून एकदा पार बंद पडेपर्यंत चालवा, मंग फुल चार्ज करा. त्यानं प्लेटा मोकळ्या होतात. आमच्या इकडे सारे असंच करतात.

सुनंदाताई_वरुड · १८ एप्रिल, सकाळी ७:०५

आमच्याकडे तर नव्या बॅटरीचाच बॅकअप कमी येत होता! दोन महिन्यांपूर्वी ट्युब्युलर घेतली आणि दीड-दोन तासांत संपायची. घरात भांडणं झाली, की कूलर लावू नका इन्व्हर्टरवर म्हणून. शेवटी भाच्याने मागे वाकून पाहिलं, तर इन्व्हर्टरच्या पाठीवर बॅटरीच्या प्रकाराचं बटण जुन्या सीलबंद बॅटरीच्याच खुणेवर होतं. ते ट्युब्युलरवर केलं. आता बरं चालतंय. भाऊ, तुमचं बटण पाहा एकदा.

वायंडिंगवाला · १८ एप्रिल, दुपारी १:३०

पूर्णाकाठ, बॅटरीवर पैसे घालण्याआधी थोडं मोजून घेऊ. मी वर्ध्याकडे मोटारी आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो. अशी अर्धी गिऱ्हाइकं बॅटरी बदलून पुन्हा तीच तक्रार घेऊन येतात, कारण जुनी बॅटरी ज्या कारणाने मेली ते कारण घरातच राहिलेलं असतं.

आधी हिशेब करा. दोन जुने पंखे १५० वॅट, चार बल्ब ३६, टीव्ही ६० आणि वायफाय धरून साधारण २५० वॅट. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, म्हणून बॅटरीतून २६ अँपिअरच्या आसपास निघतात. १५० एएच ही क्षमता वीस तासांत हळूहळू काढली तर मिळते. २६ अँपिअरने ओढलं तर १०५च्या पुढेमागे हाती लागतात. म्हणजे नव्या बॅटरीवर चार तास, जे तुम्हाला मिळत होते. आता सव्वा तास म्हणजे ३२-३३ एएच निघतायत. बाकीचे सत्तर गेले कुठे, हा खरा प्रश्न आहे. ते मेले असतील, किंवा कधी भरलेच जात नसतील, किंवा आत असूनही तुमच्यापर्यंत पोचत नसतील. तिन्ही वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचा बॅकअप सारखाच दिसतो.

तासाभरात हिरवा दिवा लागतो हे तुम्ही चांगलं लक्षण म्हणून लिहिलंय. मला तीच सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. पूर्ण उतरलेली १५०ची बॅटरी १२-१५ अँपिअरने भरायला रात्रभर लागते. प्लेटांवर पांढरा कडक थर बसला की चार्जिंग सुरू होताच व्होल्टेज भराभर चढतं, इन्व्हर्टर व्होल्टेज पाहून समजतो की भरली, आणि दिवा लावतो. आत मात्र थोडंच गेलेलं असतं.

मला एवढं कळवा: पाणी कुठलं टाकता? पाठीमागची बटणं कोणत्या खुणेवर आहेत? संध्याकाळी सात ते दहा घरात किती व्होल्ट येतात? आणि तालुक्याला बॅटरीवाल्याकडून ॲसिड किती दाट आहे ते मोजणारा हायड्रोमीटर मिळाला तर सहाही सेलचे आकडे. पाणी टाकल्या टाकल्या घेऊ नका, वरचं पाणी मिसळलेलं नसतं, आकडा खोटा येतो. भरपूर चार्ज करून, मग चार्जिंग बंद ठेवून दोन-तीन तासांनी घ्या. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि कपडे जुने घाला.

बंडूभाऊ, ॲसिडचं तुमचं म्हणणं थांबवून ठेवतो, आकडे आल्यावर त्यावर बोलू. पण महिन्याला पार उतरवायचं नका सांगू. ती सवय जुन्या मोबाईलच्या बॅटरीची आहे. शिसं-ॲसिडची बॅटरी जितकी खोल उतरवाल तितकी लवकर झिजते, आणि उतरलेली तशीच राहिली तर थर आणखी कडक होतो.

बंडू_मोटारवाला · १८ एप्रिल, दुपारी २:१०

ठीक हाय भाऊ. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीत ॲसिड टाकल्यावर सेल्फ जोरात लागते हे म्या डोळ्यांनं पाह्यलं, ते काही खोटं नाही.

वायंडिंगवाला · १८ एप्रिल, दुपारी २:२५

खोटं नाही. चार दिवस जोरात लागतो. नंतर ती बॅटरी किती टिकली तेही आठवून पाहा.

सावली_चंद्रपूर · १८ एप्रिल, रात्री ८:५०

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे बॅटरी देवघराखालच्या कप्प्यात ठेवलेली आहे. तिला काही होतं का?

वायंडिंगवाला · १८ एप्रिल, रात्री ९:१०

ताई, तिथून ती आजच काढा. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि वर समई किंवा उदबत्ती जळत असेल तर झाकणाशी भडका उडू शकतो. बंद कप्प्यात तर वायू साठूनच राहतो. मोकळ्या, सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागी ठेवा. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून नको. आपल्याकडे ४५ अंशांत बॅटरी आधीच होरपळते. ढोबळ मानाने दर दहा अंश जास्त उष्णतेला आयुष्य अर्ध्यावर येतं असं या धंद्यात मानतात.

पूर्णाकाठ · २१ एप्रिल, सकाळी १०:०५

सगळं मोजून आणलं. अंजनगावच्या एका ओळखीच्या बॅटरीवाल्याने हायड्रोमीटर दिला. लिहितो तसं:

पाणी घरच्या आरओचं. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे प्यायलाही आरओच आहे, तेच बॅटरीला.

पाठीमागे दोन बटणं आहेत. एक ट्युब्युलरवर आहे. दुसरं यूपीएस आणि ईको असं आहे, ते यूपीएसवर.

संध्याकाळी साडेसात ते दहा व्होल्टेज १७० ते १८५ मध्ये नाचतं. अकरानंतर २१५ होतं. लाईट असतानाही संध्याकाळी इन्व्हर्टर मधूनमधून टक् करतो, ते अनेक महिन्यांपासून आहे.

रात्रभर चार्ज करून सकाळी तीन तास बंद ठेवून घेतलेले सेलचे आकडे, पॉझिटिव्हकडून: ११९०, ११९५, ११८५, ११९०, ११९५, ११४०.

बॅटरीचं वरचं झाकण नेहमी ओलसर असतं. फ्लोट हिरव्या खुणेच्याही वर आहेत.

वायंडिंगवाला · २१ एप्रिल, दुपारी १२:४०

उत्तम आकडे आणलेत. आता तुमची बॅटरी बोलायला लागली.

पहिलं ते टक्. यूपीएसच्या खुणेवर बहुतेक इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली आलं की लाईन सोडतात आणि बॅटरीवर घर चालवतात. तुमची लाईन बरोबर त्याच रेषेवर नाचते. म्हणजे संध्याकाळी घरात लाईट आहे असं तुम्हाला वाटतं, आणि इन्व्हर्टर मात्र दर थोड्या वेळाने बॅटरी पिळतोय. मग नऊ वाजता खरोखर लाईट जाते तेव्हा बॅटरी आधीच निम्मी उतरलेली. तुमचा सव्वा तास मोजायला सुरुवात होते तीच अर्ध्यावरून.

ईकोवर टाका. त्यात बहुतेक इन्व्हर्टर १०० व्होल्टपर्यंत लाईन सोडत नाहीत. अदलाबदलीला क्षणभर जास्त लागतो, टेबलावरचा संगणक असेल तर तो कधी बंद होऊन सुरू होईल. पंखे-बल्बांना फरक पडत नाही.

दुसरं, सेल. ट्युब्युलर भरलेली असेल तर १२४०च्या आसपास हवेत. तुमचे पाच सेल ११९०ला एकसारखे आहेत. सगळे सारखेच खाली, याचा अर्थ बॅटरी उपाशी आहे. वर्षानुवर्षं पूर्ण भरलीच गेली नाही. यात बरंच परत मिळू शकतं. सहावा ११४०, बाकीच्यांपेक्षा ५० खाली. तो वेगळा आजारी आहे. बॅकअप अचानक तुटतो तो बहुतेक त्याच्यामुळे. समजा वापर चालू असताना पाच सेल १.९५ व्होल्टवर टिकून आहेत, तर झाले पावणेदहा. सहावा कोलमडून अर्ध्या व्होल्टवर आला तर एकूण सव्वादहा. इन्व्हर्टर साडेदहाला बंद पडतो. पाच धडधाकट सेलांत माल असून तुमच्या घरात अंधार.

तिसरं, टर्मिनल. साफ करण्याआधी एक मोजणी कराच. पंखे-टीव्ही बॅटरीवर चालू ठेवा, मल्टिमीटर डीसीवर घ्या, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं तिथल्याच केबलच्या लगवर ठेवा. दोन्हींत ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक हवा. किती येतो ते लिहा.

मग इन्व्हर्टर बंद, भिंतीचा प्लग काढून, आधी निगेटिव्ह सोडा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, पान्याला मुठीपाशी चिकटपट्टी गुंडाळा. झाकणं घट्ट आहेत ना ते पाहून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून थर धुवा. फेस येईल, तो थांबेपर्यंत. सोड्याचा एक थेंबही सेलमध्ये जाऊ देऊ नका. लग आणि खुंट दोन्ही तारेच्या ब्रशने चकचकीत करा, कोरडं करून घट्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन. आवळण्याआधी मध्ये लावू नका. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

आणि आरओचं पाणी बंद. बॅटरीवॉटर किंवा डिस्टिल्ड लिहिलेला कॅन आणा. आरओ क्षार कमी करतो, संपवत नाही, आणि खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात मूळचे क्लोराइडच इतके असतात की उरलेलेही प्लेटांना खायला पुरतात. आत गेलेलं आता काढता येत नाही. ॲसिड ओतून नवं भरण्याच्या भानगडीत पडू नका, तळची गाद उठून प्लेटांत अडकते.

गुरुजी_मेहकर · २१ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

चर्चा चांगली चालली आहे. एक भर घालतो. हायड्रोमीटरचे आकडे २७ अंशांचे धरलेले असतात. आपल्याकडे खोलीतच ३८-४० असेल तर ॲसिड फुगून पातळ भासतं. दर अंशाला साधारण ०.७ वाढवायचे. म्हणजे ४० अंशांत ११९० दिसले तर खरे ११९९च्या जवळ. निदान बदलत नाही, पण शेवटी १२४० गाठली की नाही हे ठरवताना हे धरा, नाहीतर भरलेली बॅटरीही उपाशी वाटेल.

वायंडिंगवाला · २१ एप्रिल, संध्याकाळी ६:००

बरोबर गुरुजी. मी दुकानात सकाळीच मोजतो म्हणून माझ्या लक्षात राहत नाही.

पूर्णाकाठ · २२ एप्रिल, रात्री ८:१५

पॉझिटिव्हवर ०.६ आला. निगेटिव्हवर ०.०४. साफ केल्यावर पॉझिटिव्ह ०.०५. लग आतून काळी आणि अर्धी खाल्लेली निघाली, नवी थिंबल लावून घेतली. ईकोवर टाकलंय, टक् टक् थांबलं. आज संध्याकाळी लाईट गेली तेव्हा पावणेदोन तास निघाले. फक्त एवढ्या कामावर!

बंडू_मोटारवाला · २२ एप्रिल, रात्री ८:४०

वा भाऊ! पण ०.६ व्होल्टनं एवढा फरक काहून पडते? बारामधले सहाच दशांश तं हायेत.

वायंडिंगवाला · २२ एप्रिल, रात्री ९:३०

बंडूभाऊ, बारा मोजू नका. वापर चालू झाला की बॅटरी बारापासून साडेदहापर्यंतच वापरायची असते, म्हणजे हातात आहे दीड व्होल्ट. त्यातले ०.६ थरातच गेले. बॅटरी ११.१ वर असताना इन्व्हर्टरला १०.५ दिसले आणि त्याने हात टेकले. शिवाय २६ अँपिअर गुणिले ०.६, म्हणजे पंधरा वॅट त्या एका लगवर तापत होते. अशाच लगा पुढे वितळतात. टर्मिनलला हात लावून गरम लागतं का एवढं पाहिलं तरी घरच्या घरी कळतं.

पूर्णाकाठ, आता भूक भागवू. पुढचे काही दिवस संध्याकाळी टीव्ही बंद ठेवता आला तर ठेवा, आणि रात्री अकराच्या २१५ व्होल्टवर बॅटरी सकाळपर्यंत चार्जिंगवर राहू द्या. हिरवा दिवा लागला तरी प्लग काढू नका. अशा थर बसलेल्या बॅटरीला वेळ लागतो, जोर नाही. रोज सकाळी एकाच सेलचा आकडा घ्या. तो चढत राहील. लागोपाठ तीन सकाळी जिथल्या तिथे थांबला की समजायचं, जेवढं परत यायचं तेवढं आलं. हाताला बॅटरी कोमटपेक्षा जास्त लागली तर थांबवा.

आणि पाणी अजिबात टाकू नका सध्या. तुमचं जास्तच झालंय. खालची खूण आणि वरची खूण यांच्या मध्ये असलं की पुरे. वर भरलं की चार्जिंगच्या बुडबुड्यांनी ॲसिड बाहेर येतं, झाकण ओलं राहतं, आणि तोच ओलावा टर्मिनल खातो. तुमच्या हिरव्या थराचं मूळ तिथे आहे.

निशांत_नागपूर · २३ एप्रिल, सकाळी ११:२०

एवढी मेहनत घेण्यापेक्षा लिथियम घ्या ना सरळ. माझ्या फ्लॅटमध्ये आहे. पाणी नाही, टर्मिनल नाही, काही नाही. आणि संध्याकाळचं व्होल्टेज कमी येतं तर इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावा, संपला विषय.

वायंडिंगवाला · २३ एप्रिल, दुपारी १:००

लिथियम वाईट नाही. पण याच इन्व्हर्टरवर नुसती बॅटरी बदलून टाकता येत नाही, चार्जिंगचे व्होल्ट आणि बंद पडायची पातळी दोन्ही जुळली पाहिजेत. त्यासाठीचा इन्व्हर्टर सोबत घ्यावा लागतो. टर्मिनल मात्र त्यालाही असतात, आणि ढिले राहिले तर तेही तापतात.

स्टॅबिलायझरचं मी ठाम सांगत नाही. काही घरी उपयोग झालाय. पण सगळ्या आळीनेच स्टॅबिलायझर लावले की जो तो लाईनमधून जास्त अँपिअर ओढतो आणि शेवटच्या घराचं व्होल्टेज आणखी पडतं. ते मी पाहिलंय.

निशांत_नागपूर · २३ एप्रिल, दुपारी १:४५

एका घराने लावला तर काही होत नाही. त्यांच्या वडिलांना रात्री पंखा हवाय, आळीचा विचार त्यांनी का करावा?

गुरुजी_मेहकर · २३ एप्रिल, दुपारी ४:१०

दोघांचंही आपल्या जागी खरं आहे. डीपीपासून घर किती लांब आहे आणि सर्व्हिस वायर किती जुनी आहे हे आधी पाहावं. खांबावरचा जोड सैल असेल तर एकाच घराचं व्होल्टेज पडतं. शेजारच्या घरी त्याच वेळेला मोजून पाहा. तो जोड तपासणं वीज कर्मचाऱ्याचं काम, स्वतः चढू नका.

पूर्णाकाठ · २३ एप्रिल, रात्री १०:००

शेजारी आत्ताच मोजलं, १७४. आमच्याकडे १७२. म्हणजे सगळ्यांचंच कमी आहे.

सुनंदाताई_वरुड · २४ एप्रिल, सकाळी ८:२०

वायंडिंगवाले दादा, माझा प्रश्न राहिलाच. बटण चुकीच्या खुणेवर दोन महिने होतं, तर आमच्या नव्या बॅटरीचं नुकसान झालं असेल का? कूलरसुद्धा चालतो त्यावर.

वायंडिंगवाला · २४ एप्रिल, सकाळी ९:००

ताई, सीलबंदच्या खुणेवर चार्जिंग थोड्या कमी व्होल्टला थांबतं, ट्युब्युलरला १४.४च्या आसपास लागतं. कंपनीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे. दोन महिन्यांत फार बिघडत नाही, आता बरं चालतंय म्हणता तर निर्धास्त राहा. उलटं असतं, म्हणजे सीलबंद बॅटरी आणि बटण ट्युब्युलरवर, तर ती सुकून फुगली असती. कूलरचं मात्र घरातले खरं बोलतात. त्याची मोटार आणि पंप मिळून दोन पंख्यांएवढं सहज खातात. तो लावला तर बॅकअप अर्धा धरूनच चाला.

पूर्णाकाठ · ३० एप्रिल, सकाळी ११:३०

आकडा तीन सकाळ थांबला, म्हणून सगळे घेतले. पहाटे खोलीत ३२ अंश होते. १२२५, १२२५, १२२०, १२२५, १२३०, आणि शेवटचा ११७०. पूर्ण भरलेली असताना मुद्दाम मेन बंद करून नेहमीच्याच वापरावर चालवली, दोन तास वीस मिनिटं निघाली. शेवटी शेवटी सहाव्या सेलमध्ये बुडबुडे दिसत होते, बाकी शांत.

बंडू_मोटारवाला · ३० एप्रिल, दुपारी १२:१०

पाहा, १२४० नाही आले न! बाहेर सांडलं ते ॲसिडच होतं, वरून पाणी टाकलं. आता तं टाका म्हणान ॲसिड?

वायंडिंगवाला · ३० एप्रिल, दुपारी १:१५

बंडूभाऊ, तुमच्या म्हणण्यातला खरा भाग हाच आहे. सांडलेलं ॲसिड पाण्याने भरून निघत नाही. गुरुजींचं गणित लावलं तरी पाच सेल १२२८च्या आसपास आहेत, म्हणजे दहा-बारा कमी. तेवढ्याने बॅकअपला जाणवेल असा फरक नाही. मुख्य म्हणजे हे आज म्हणता येतंय, कारण बॅटरी आज पूर्ण भरलेली आहे. १७ तारखेला ११९०वर तुम्ही ॲसिड टाकलं असतं, तर आता प्लेटांतलं ॲसिड परत बाहेर आल्यावर ती १२६०-७०वर गेली असती आणि प्लेटा जळाल्या असत्या. उपाशी बॅटरीत ॲसिड टाकायचं नाही, एवढं तुमच्या ट्रॅक्टरवाल्यांनाही सांगा.

सहाव्या सेलमध्ये ॲसिड टाकून तर काहीच होणार नाही. तो चार्ज धरत नाही, ५० चा फरक पूर्ण भरूनही तसाच राहिला. शेवटी बुडबुडे येतात म्हणजे बाकीचे पाच त्याला उलटा ढकलतात. पूर्णाकाठ, ६० एएच निघतायत आता, आधीच्या दुप्पट जवळपास. पण बुडबुडे दिसेपर्यंत चालवू नका, पावणेदोन तासांनंतर टीव्ही बंद, फक्त वडिलांचा पंखा. तसा वापर ठेवला तर पंख्याला लागतं किती? एक पंखा म्हणजे ८-९ अँपिअर.

निशांत_नागपूर · ३० एप्रिल, दुपारी २:३०

एक सेल गेलेली बॅटरी आणि दम्याचा पेशंट. मी तर आज बदलेन. सेल अचानक शॉर्ट झाला तर?

वायंडिंगवाला · ३० एप्रिल, दुपारी ३:००

होऊ शकतं. तारीख कोणी सांगू शकत नाही. मी असतो तर पावसाळ्याच्या आधी बदलली असती, मे काढला असता. दुसरा कोणी आजच बदलेल, त्याला चूक म्हणणार नाही. सेल कापून नवा बसवून देणारे असतात, ते मात्र करू नका. जुन्या पाचांत नवा सहावा बसत नाही.

पूर्णाकाठ · ३० एप्रिल, रात्री ९:२०

घरी बोललो. वडिलांचा पंखा म्हणून आठवड्याभरात नवीच घेतोय, जुनीचे भंगारात पैसे मिळतील ते वळते होतील. पण आता इन्व्हर्टर ईकोवर आणि बॅटरीवॉटर आणूनच. दुकानात काय पाहू?

वायंडिंगवाला · ३० एप्रिल, रात्री १०:०५

बॅटरी उचलण्याआधी दुकानातच झाकणं उघडून हायड्रोमीटर लावायला सांगा. सहाही सेल १२३०च्या वर आणि एकमेकांत दहापेक्षा जास्त फरक नको. महिनोन्‌महिने चार्ज न करता पडून राहिलेला माल असतो, तो इथेच कळतो. बिलावर बॅटरीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या. घरी आणल्यावर पहिल्या रात्री काही चालवू नका, पूर्ण चार्ज होऊ द्या. दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन एका कागदावर लिहून बॅटरीच्या ट्रॉलीला चिकटवा, दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. उन्हाळ्यात दर महिन्याला फ्लोट पाहा. आणि संध्याकाळी पुन्हा टक् ऐकू आलं तर आधी बटण तपासा, साफसफाई करताना कोणीतरी हलवलेलं असतं.

सावली_चंद्रपूर · १ मे, सकाळी ७:४०

आम्ही बॅटरी देवघराखालून व्हरांड्यात काढली. पण तिथे दुपारी तीन ते पाच ऊन येतं. जाळीची खिडकी असलेल्या जिन्याखाली ठेवली तर चालेल का? केबल दोन मीटर वाढवावी लागेल.

वायंडिंगवाला · १ मे, सकाळी ८:३०

जिन्याखाली जाळी उघडी असेल तर चालेल ताई. पण केबल जोडून वाढवू नका, जोडावरही व्होल्ट जातात. इन्व्हर्टरच बॅटरीच्या जवळ न्या आणि घराकडची साधी वायर वाढवा.